लांब क्रमांकांचे शेवटचे अंक का हरवतात? स्प्रेडशीटमधील या चुका टाळा

स्प्रेडशीटमध्ये बारा अंकी मोबाइल क्रमांकाच्या जागी `1.23457E+11` असे काही दिसले, की बहुतेक जण ताबडतोब सेलचा फॉरमॅट बदलतात, सगळे अंक दिसू लागले की समाधान मानतात आणि फाइल सेव्ह करून पुढच्या कामाला लागतात. अंक दिसले म्हणजे अंक परत आले, ही समजूतच या विषयातल्या बहुतेक नुकसानीचे मूळ आहे. क्रमांक नुसता वेगळ्या रूपात दिसतो आहे की त्यातले अंक खरोखरच नष्ट झाले आहेत, हे तपासण्याआधी फाइलला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन्हींमधला फरक अंकांच्या संख्येवरून ठरतो. एक्सेलच्या नेहमीच्या `General` फॉरमॅटमध्ये अकरा अंकांपर्यंतची संख्या पूर्ण दिसते. कॉलम अरुंद असेल तर तीही आखडते, पण कॉलम रुंद केला की ठीक होते. बारा अंक झाले की `E` असलेले रूप येते. देशाचा संकेतांक जोडलेले मोबाइल क्रमांक बहुधा येथे अडकतात. मात्र पंधरा अंकांपर्यंत आतली संख्या शाबूत असते आणि सेलवर क्लिक केल्यास वरच्या फॉर्म्युला पट्टीत ती पूर्ण दिसते. सोळाव्या अंकापासून गोष्ट बदलते. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच राखतो आणि त्यापुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य ठेवतो. `1234567890123456` हा क्रमांक साध्या सेलमध्ये टाइप करून एंटर दाबले, की त्या क्षणी तो `1234567890123450` झालेला असतो. शेवटचा सहा कोठेही साठवलेला नसल्यामुळे नंतर कोणताही फॉरमॅट तो परत आणू शकत नाही.

सीएसव्ही फाइल डबल क्लिकने उघडणे आणि सेव्ह करणे

या एका चुकीने जेवढी यादी बिघडलेली मी पाहिली आहे, तेवढी बाकी सगळ्या चुकांनी मिळून बिघडलेली पाहिलेली नाही. सीएसव्ही ही केवळ मजकुराची फाइल असते. तिच्यात स्वल्पविरामाने वेगळे केलेले अंक आणि अक्षरे असतात, पण कोणता कॉलम मजकूर आहे आणि कोणता संख्या आहे याची नोंद नसते. डबल क्लिक केल्यावर एक्सेल स्वतःच अंदाज बांधतो आणि सगळे अंकच दिसले की ती संख्या आहे असे ठरवतो. क्रमांकाभोवती अवतरणचिन्हे असली तरी हा अंदाज बदलत नाही.

नुकसानीचा दुसरा टप्पा फाइल सेव्ह करताना येतो आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. सीएसव्हीमध्ये सेव्ह करताना एक्सेल सेलमधली मूळ संख्या लिहीत नाही, तर फॉरमॅटनुसार जे रूप दिसते ते लिहितो. म्हणजे बारा अंकी `123456789012` हा क्रमांक आतून पूर्ण शाबूत असला, तरी पडद्यावर `1.23457E+11` असेल तर फाइलमध्ये तीच अक्षरे जातात. ती फाइल पुन्हा उघडून पूर्ण अंक दाखवायला सांगितले, की `123457000000` मिळते. पंधरा अंकांच्या आतला, खरे तर सुरक्षित असलेला मोबाइल क्रमांकही असा एका सेव्हमध्ये निरुपयोगी होतो.

एका संस्थेच्या मानधनाच्या यादीत हे दोन्ही टप्पे एकाच दुपारी घडले. संगणक प्रणालीतून निघालेली सीएसव्ही फाइल बरोबर होती आणि तिच्यात सोळा अंकी खाते क्रमांक होते. एका नावातली अक्षरांची चूक दुरुस्त करण्यासाठी तेथील सहकाऱ्याने ती डबल क्लिकने उघडली. खाते क्रमांकाच्या कॉलममध्ये `1.23457E+15` दिसल्यावर त्यांनी कॉलम निवडून `Number` फॉरमॅट दिला, दशांश स्थळे शून्य केली आणि सोळाच्या सोळा अंक दिसू लागल्याने निश्चिंत होऊन त्याच नावाने फाइल सेव्ह केली. ही यादी पुढे पाठवण्यापूर्वी माझ्याकडे आली, ती वेगळ्याच कारणासाठी: दोन व्यक्तींचा खाते क्रमांक एकच कसा, असा प्रश्न कोणाला तरी पडला होता.

कॉलम वरून खाली वाचताना उत्तर समोरच होते. प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शून्य होते. एरवी साधारण दहापैकी एखादाच क्रमांक शून्याने संपतो, त्यामुळे सगळ्याच ओळी शून्याने संपत असतील तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नसते. एकाच मालिकेत लागोपाठ उघडलेल्या खात्यांचे `…3451`, `…3452` आणि `…3457` हे तीन क्रमांक आता तिन्ही `…3450` झाले होते. फाइल त्याच नावाने सेव्ह झाल्यामुळे मूळ प्रत उरली नव्हती आणि प्रणालीतून यादी पुन्हा काढणे एवढाच मार्ग शिल्लक होता. नव्याने काढलेली फाइल आम्ही प्रथम नोटपॅडमध्ये उघडली, क्रमांक शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच नावाची दुरुस्ती तेथेच केली.

या प्रकरणात अधिक धोकादायक ठरली ती फॉरमॅटची घाईघाईने केलेली दुरुस्ती. `1.23457E+15` तसेच राहिले असते, तर पाहणाऱ्या कोणालाही काहीतरी चुकले आहे हे कळले असते. सोळा अंकी, नीटनेटका आणि चुकीचा क्रमांक मात्र कोणाच्याही नजरेला खटकत नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे, की लांब क्रमांक असलेली सीएसव्ही मी कधीही डबल क्लिकने उघडत नाही. नुसती पाहायची असेल तर नोटपॅड पुरतो. एक्सेलमध्येच काम करायचे असेल, तर कोरी वर्कबुक उघडून `Data` टॅबमधील `From Text/CSV` हा पर्याय घेतो, पुढे येणाऱ्या खिडकीत `Data Type Detection` खाली `Do not detect data types` निवडतो आणि मग `Load` करतो. सगळे कॉलम मजकूर म्हणून येतात. रकमेचा कॉलम नंतर संख्येत बदलता येतो. त्यानंतरचे सगळे काम `.xlsx` फाइलमध्ये करावे, कारण तिच्यात फॉरमॅट टिकतो. सीएसव्ही हवीच असेल तर ती अगदी शेवटी, वेगळ्या नावाने काढावी आणि काढल्यानंतर एक्सेलने पुन्हा उघडून पाहू नये.

गुगल शीट्समध्ये फाइल आयात करताना मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याची खूण काढून टाकावी. लिबरऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडण्यापूर्वी एक खिडकी दाखवतो आणि तीत कॉलम निवडून त्याचा प्रकार `Text` करता येतो. ही खिडकी न वाचता एंटर दाबणाऱ्यांना तिचा काहीच उपयोग होत नाही.

आधी क्रमांक भरणे आणि मग `Text` फॉरमॅट देणे

क्रम उलटा हवा. कॉलम निवडून आधी `Text` करावा आणि नंतर टाइप करावे. दुसरीकडून मजकूर पेस्ट करताना `Match Destination Formatting` हा पर्याय घ्यावा, नाहीतर बाहेरचा फॉरमॅट तुमच्या `Text` फॉरमॅटवर बसतो. या पद्धतीत क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही टिकते.

पंधरा अंकांपर्यंतचे क्रमांक संख्या म्हणून आधीच भरले गेले असतील, तर शेजारच्या कॉलममध्ये पुढील सूत्र द्यावे, ते खाली ओढावे आणि मिळालेली उत्तरे मूल्ये म्हणून पेस्ट करावीत.

```
=TEXT(A2,"0")
```

सोळा अंकांच्या क्रमांकांवर हे सूत्र वापरू नये. ते सोळा अंक दाखवील, पण शेवटचा अंक शून्यच असेल आणि चुकीचा क्रमांक आता मजकूर म्हणून कायमचा होईल.

क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करण्याची युक्ती बरोबर आहे, पण ती दोनचार सेलपुरतीच ठीक आहे. शेकडो ओळींची यादी त्या चिन्हाच्या भरवशावर भरणाऱ्यांकडून एखाद्या ओळीत ते राहून जाते आणि नेमकी तीच ओळ बिघडते.

हिरवा त्रिकोण दिसला की `Convert to Number` दाबणे

सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण म्हणजे चूक, असे नवशिक्यांना वाटते. येथे तो क्रमांक मजकूर म्हणून सुरक्षित असल्याची खूण आहे. तो खुपत असेल तर `Ignore Error` निवडावे. खाते क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही, त्यामुळे त्यांना संख्या करण्याचे काही कारणच नाही.

क्रमांकातल्या रेषा `Find and Replace` ने काढणे

`1234-5678-9012-3456` यातल्या रेषा साध्या `General` सेलमध्ये काढल्या, की उरलेले अंक संख्या बनतात आणि शेवटचा अंक जातो. त्याऐवजी `=SUBSTITUTE(A2,"-","")` वापरावे, कारण त्याचे उत्तर मजकूरच राहते.

तपासणी न करता यादी पुढे पाठवणे

एवढ्यासाठी एक छोटे सूत्र पुरेसे आहे.

```
=COUNT(A2:A500)
```

`COUNT` फक्त खऱ्या संख्या मोजते, मजकूर मोजत नाही. त्यामुळे खाते क्रमांकांच्या कॉलमवर याचे उत्तर शून्य आले पाहिजे. शून्याहून अधिक आले, तर तितक्या सेलमध्ये क्रमांक संख्या बनलेले आहेत. उत्तर शून्य आले तरी शेवटच्या अंकांवरून एकदा नजर फिरवावी, कारण आधी बिघडून नंतर मजकूर झालेले क्रमांक या सूत्राला सापडत नाहीत.

दुबार क्रमांक शोधताना मात्र `COUNTIF` वर विसंबू नये. क्रमांक मजकूर म्हणून नीट साठवलेले असले, तरी `COUNTIF` त्यांना तुलनेपुरते संख्येत बदलते आणि पहिले पंधरा अंक सारखे असलेले दोन वेगळे सोळा अंकी क्रमांक एकच समजते. असे उत्तर पाहून एखादी बरोबर ओळ दुबार म्हणून काढून टाकली जाण्याचा धोका असतो. अंक न् अंक जुळवायचा असेल तर पुढील सूत्र मजकुराची तुलना मजकूर म्हणूनच करते. त्याचे उत्तर एकापेक्षा जास्त आले, तरच तो क्रमांक खरोखर दुबार आहे.

```
=SUMPRODUCT(--(A$2:A$500=A2))
```