या चुका टाळा: ‘काहील’ ऐकू येते, पण लिहिली जात नाही

बोलणे मजकुरात उतरवणाऱ्या प्रणालीने शब्द चुकवला की नवशिका माणूस दोष मायक्रोफोनला देतो आणि आणखी रेकॉर्डिंग गोळा करायला निघतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

अशा प्रणालीत दोन मॉडेले मिळून काम करतात. त्यांतले अकूस्टिक मॉडेल आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे दर १० मिलिसेकंदांनी पुढे सरकत तपासते आणि प्रत्येक तुकड्यात कोणता उच्चार किती संभवतो ते सांगते. लँग्वेज मॉडेल काहीच ऐकत नाही. कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येतो, एवढेच ते लिखित मजकुरावरून शिकलेले असते. दोघांच्या अंदाजांचा मेळ घालून वाक्य निवडले जाते, आणि पारंपरिक रचनेत उच्चारकोशात, म्हणजे शब्द आणि त्यांचे उच्चार नोंदलेल्या यादीत, नसलेला शब्द त्या वाक्यात येऊच शकत नाही.

काहील म्हणजे गुळासाठी उसाचा रस उकळायची मोठी कढई. कोल्हापूर परिसरातल्या गुऱ्हाळांवर आम्ही घेतलेल्या मुलाखतींत ‘काहील उतरवली’ हे प्रत्येक वेळी ‘काही उतरवली’ असे उमटत होते. एका उतावळ्या सहकाऱ्याने दोन आठवडे नवी रेकॉर्डिंग जमवली, पण चूक तशीच राहिली. मी कोश उघडला, तर त्यात ‘काहील’ नव्हतीच. शब्द घातला, तरीही ‘काही’च आले, कारण लँग्वेज मॉडेल वृत्तपत्रांच्या मजकुरावर शिकलेले होते. समजा, आवाजावरून ‘काहील’ पाचपट संभवते, पण मजकुरावरून ‘काही’ हजारपट संभवते. तर हिशेबाअंती ‘काही’ दोनशेपटींनी जिंकणारच. गुऱ्हाळवाल्यांच्या तोंडची ‘काहील चुलवाणावर चढवली’ यांसारखी वाक्ये मजकुरात आल्यावरच शब्द नीट उमटू लागला.

म्हणून मी आधी चुकलेली पन्नास वाक्ये कान देऊन ऐकतो. चुकीचा शब्द उच्चाराने जवळचा आणि रोजच्या वापरातला असेल, शिवाय त्याच माणसाची साधी वाक्ये बरोबर उमटत असतील, तर मी कोश आणि मजकूर तपासतो. साधी वाक्येही विस्कटत असतील, तरच आवाजाकडे वळतो.

फोनवरचे ८००० हर्ट्झने नोंदवलेले रेकॉर्डिंग १६,००० चे करून उपयोग नाही. अशा नोंदीत तिच्या निम्म्या, म्हणजे ४००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज उतरतो; ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो आणि तो भाग नोंदलाच गेलेला नसतो.

झटपट उपायांचा मला मनापासून राग आहे. त्याच सहकाऱ्याने पुढे एकच वाक्य मजकुरात हजारो वेळा चिकटवले, आणि ‘काही लोक’चे ‘काहील लोक’ होऊ लागले. त्यामुळे ज्यांतले एकही वाक्य मजकुरात घेतलेले नाही अशा दोन मुलाखती मी नेहमी बाजूला ठेवतो आणि त्यांत ‘काहील’ किती वेळा सापडली, तसेच ‘काही’ किती वेळा बिघडले, हे दोन्ही आकडे शेजारी लिहितो.