बाईंचा पगार ऑनलाइन देताय? मग उचल वेगळी लिहा

बँकेतून पगार गेला म्हणजे हिशेब आपोआप राहिला असं वाटतं, पण स्टेटमेंटमध्ये फक्त हातात पडलेली रक्कम दिसते, ती का कमी झाली ते दिसत नाही. समजा पगार 9000, मागे 6000 उचल दिलेली, दरमहा 1500 कापायचं ठरलंय आणि या महिन्यात एक बिनपगारी सुट्टी, तिचे 300. खात्यात जातात 7200. सहा महिन्यांनी तो आकडा बघून ना तुम्हाला आठवणार ना त्यांना, आणि वाद होतो तो इथेच.

म्हणून उचल कधीच पगारात मिसळून पाठवू नका, वेगळं ट्रान्सफर करा आणि रिमार्कमध्ये "उचल" लिहा. पगाराच्या रिमार्कमध्ये महिन्याचं नाव. पण रिमार्कची जागा अगदी छोटी असते आणि समोरच्याच्या पासबुकात तो दिसेलच असं नाही, त्यामुळे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज टाका:

"मार्च पगार 9000, उचल कपात 1500, सुट्टी 1 दिवस 300, पाठवले 7200. उचल बाकी 4500."

शेवटची बाकी सगळ्यात महत्त्वाची, ती दर महिन्याला लिहाच. वाचता येत नसेल तर हेच व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. आणि हो, पैसे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात जात असतील तर रेकॉर्डवर बाईंचं नाव कुठेच येत नाही, तेव्हा शक्यतो त्यांच्याच नावाच्या खात्यात पाठवा.