पट्टेरी काट्यांच्या मधे काय दडलंय ते बघा

ओहोटीच्या डबक्यातला फोटो हाती आला की तारामासा, सी अर्चिन की समुद्रकाकडी, एवढं तुम्हाला ओळखता येत असेलच. समुद्रकाकडीत तेवढी गफलत होते, कारण ती स्पंजसारखी निपचित पडलेली असते. अशा वेळी एका टोकाला तोंडाभोवतीची झुपकेदार शुंडकं दिसतात का ते बघा.

मी फसलो ते अर्चिनमध्ये. काटे लांब आणि पट्टेरी दिसले, म्हणून मी एका फोटोला ‘डायडेमाचं पिल्लू’ म्हणून टाकलं. डायडेमाच्या पिल्लांचे काटे पट्टेरी असतात, हे खरंच आहे. पण तो निघाला इकायनोथ्रिक्स कॅलामारिस. त्याचेही काटे बऱ्याचदा पट्टेरी असतात. म्हणून रंग आणि पट्टे आधी बाजूला ठेवा आणि अर्चिनच्या माथ्यावर मधोमध बघा. तिथे गुदद्वाराची फुगीर पिशवी असते. डायडेमा सेटोसममध्ये तिच्या तोंडाशी नारिंगी कडं आणि भोवती पाच पांढरे ठिपके दिसतात. कॅलामारिसची पिशवी मोठी, अर्धपारदर्शक आणि ठिपक्याठिपक्यांची असते. मग फोटो मोठा करून जाड काट्यांच्या मधल्या फटीत बघा. कॅलामारिसमध्ये तिथे सुईसारखे बारीक, आखूड काटे दाटीनं असतात. विष असतं ते त्यांच्यात.

पुढच्याच ओहोटीला मी जाड काटे चुकवून कॅमेरा टेकवायला गेलो आणि ते बारीक काटे दोन बोटांत घुसले. आग आग झाली. कातडीखाली जांभळे-काळे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका म्हणजे तुटलेला काटा, असं समजून मी सुईनं बोट उकरत बसलो. हे कधीच करू नका. बरेचसे ठिपके नुसते रंगाचे असतात आणि दोन-तीन दिवसांत फिके पडतात. एखादा ठिपका तसाच राहिला, दुखत राहिला, तर आत काटा आहे असं धरा.

बाहेर डोकावणारा काटा चिमट्यानं सरळ ओढा. मग बोट सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंश सेल्सिअसच्या आत, 30 ते 90 मिनिटं ठेवा. पाणी आधी न दुखणाऱ्या हातानं तपासा. काटा सांध्याजवळ असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. श्वास लागला किंवा अंग गळून गेलं तर एक क्षणही थांबू नका.

घाबरून जाऊ नका, बहुतेक तारामासे काही करत नाहीत. पाचापेक्षा कितीतरी जास्त हात आणि अंगभर उभे काटे दिसले तर मात्र तो काटेरी मुकुटाचा तारामासा, अकँथास्टर. त्याचे काटे विषारी असतात. टॉक्सोप्न्यूस्टीस या अर्चिनचं उलट आहे. त्याचे काटे आखूड असतात आणि वर फुलांसारखं जे उमललेलं दिसतं, ते विषारी चिमटे असतात.

एकाच फोटोवरून लगेच नाव सांगणाऱ्या जाणकाराचं मी आता ऐकत नाही. माथ्याचा, सरळ वरून काढलेला दुसरा फोटो जो मागतो, त्याच्याकडूनच शिका.