जळजळ नाही म्हणून कल्चर टाळताय? गरोदरपणातल्या या चुका टाळा

गरोदरपणात नाव नोंदवलं की लघवी तपासली जातेच. पण ती बहुतेकदा ‘रूटीन’ असते, कल्चर नव्हे. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि किती आहेत हे पाहणं. पहिली चूक इथेच होते. रूटीनमध्ये साखर, प्रथिनं, पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी दिसतात. जंतू असूनही पस सेल्स नॉर्मल येऊ शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांदरम्यान एकदा कल्चर करून घ्यावं.

नमुना घेतानाची घाई दुसरी चूक. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडा, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या आणि डबी दोन तासांत लॅबला द्या. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर डबीतच जंतू वाढतात. रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक प्रकारचे जंतू, आलं तर बहुधा नमुना बिघडलेला असतो. तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करण्यापेक्षा पुन्हा नमुना द्या.

आता एक उदाहरण घेऊ. चौदावा आठवडा, त्रास काहीच नाही, पस सेल्स २-३, म्हणजे नॉर्मल. कल्चरमध्ये मात्र ई. कोलाय, मिलीलिटरला १ लाखाहून जास्त. घरचे म्हणतात, “जळजळ नाही, मग गोळ्या कशाला? नारळपाणी पी.” नारळपाणी खुशाल प्या, पण त्याने हे जंतू जात नाहीत. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा दाबही पडतो, लघवी साचते आणि जंतूंना मूत्रपिंडापर्यंत चढायला वाट मिळते. त्रास नसतानाही उपचार करायचे ते याचसाठी.

औषध ठरतं रिपोर्टमधल्या सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यावरून, म्हणजे त्या जंतूंवर कोणतं औषध चालतं यावरून. सेफॅलेक्सिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन ही नेहमीची नावं. फॉस्फोमायसिनचा एकच डोस असतो, बाकीच्यांचा कोर्स साधारण ५ ते ७ दिवसांचा. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊ नका. गरोदरपणात ती टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइनही शेवटच्या आठवड्यांत आणि जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर देत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये.

सगळ्यात जास्त राहून जातं ते पुढचं कल्चर. कोर्स संपल्यावर १-२ आठवड्यांनी ते करावं, कारण जंतू गेले की नाही हे आपल्याला जाणवत नाही. मुळात आधीही काही जाणवत नव्हतंच. जंतू पुन्हा आले तर दुसरं औषध लागू शकतं. रिपोर्टमध्ये ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हा जंतू असेल तर तो रिपोर्ट प्रसूतीच्या वेळी दाखवायला जपून ठेवा. तेव्हा आईला शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणं (बहुतेकदा उजवीकडे), उलट्या, यातलं काही असेल तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. हा मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. त्यातून मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात आणि उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नाहीत. त्यामुळे त्याच दिवशी दवाखान्यात भरती होऊन सलाइन आणि इंजेक्शन घ्यावं लागतं.