चार गुणांच्या मापावरचा जीपीए काढण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज भरायला बसण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या, आणि शक्यतो त्या विभागाच्याही, प्रवेशविषयक सूचना शेवटपर्यंत वाचून घ्याव्यात. गुण बदलून लिहायचे की जसेच्या तसे, हे तिथेच सांगितलेले असते. गुणपत्रिकेवर जे माप आहे त्याच मापात आकडा लिहा, स्वतः रूपांतर करू नका, असे अनेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असते. तसे असेल तर सीजीपीएच्या रकान्यात ८.१४ आणि कमाल मापाच्या रकान्यात १० लिहिले की काम संपते. अशा ठिकाणी ८.१४ चे चारच्या मापावर ३.२६ करून पाठवणारा विद्यार्थी सूचना मोडतो, आणि बहुतेक वेळा स्वतःचे नुकसानही करून घेतो.

हे नुकसान कसे होते, ते समजून घेण्यासाठी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका समोर ठेवाव्यात. त्यांच्या मागच्या बाजूला श्रेणीचा तक्ता छापलेला असेल, तर त्याचीही प्रत काढून ठेवावी. प्रत्येक विषयापुढे त्याचे क्रेडिट आणि मिळालेले गुण किंवा श्रेणी लिहावी. जुन्या वार्षिक पद्धतीत क्रेडिट नसेल, तर विषयाचे कमाल गुण हेच त्याचे वजन धरावे, म्हणजे ५० गुणांचे प्रात्यक्षिक १०० गुणांच्या लेखी विषयाच्या निम्म्याने मोजले जाईल.

एका सत्राचे उदाहरण घेऊ. चार क्रेडिटच्या दोन विषयांत ६८ आणि ७४, तीन क्रेडिटच्या दोन विषयांत ५७ आणि ६२, आणि दोन क्रेडिटच्या प्रयोगशाळेत ८१ गुण आहेत, असे समजा. क्रेडिटनुसार सरासरी काढली तर सुमारे ६७.९ टक्के येतात. शंभराचे माप चारवर आणायला त्यांना सरळ २५ ने भागले की २.७२ मिळतात, आणि हा आकडा पाहून विद्यार्थी अर्जच सोडून देतो. परंतु आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग असतो आणि ८० च्या वर थोडेच जण जातात, हे या भागाकाराला कुठे ठाऊक? परदेशी पदव्यांचे अमेरिकेसाठी मूल्यमापन करणाऱ्या संस्था एकूण टक्केवारीला भागत नाहीत. त्या आधी प्रत्येक विषयाच्या गुणांना अमेरिकी श्रेणी देतात आणि मग सरासरी काढतात. समजा त्यांच्या तक्त्यात ६० आणि त्यावरील गुणांना ४.०, ५५ ते ५९ ला ३.३ आणि ५० ते ५४ ला ३.० आहे. मग वरच्या पाच विषयांपैकी चारांना ४.० आणि एकाला ३.३ मिळतात, बेरीज ६१.९ होते, आणि १६ क्रेडिटने भागल्यावर ३.८७ येतात. गुणपत्रिका तीच, पण फरक एका पूर्ण अंकाहून मोठा. हा तक्ता संस्थेगणिक, विद्यापीठागणिक वेगळा असू शकतो, म्हणून ज्या संस्थेचा अहवाल लागणार आहे तिचाच तक्ता वापरावा. स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ओळीपासून B स्तंभात क्रेडिट आणि C स्तंभात श्रेणीगुण भरले, तर हे सूत्र पुरते:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(B2:B6)
```

दहाच्या मापावरचा सीजीपीए असेल, तर तो टक्क्यांत नेण्याचा मोह आवरावा. ९.५ ने गुणण्याची रीत सीबीएसईने दहावीसाठी दिली होती. पदवीच्या सीजीपीएशी तिचा संबंध नाही. एआयसीटीईच्या सूत्रात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात. सीजीपीए ८ असेल, तर पहिल्या रीतीने ७६ आणि दुसऱ्या रीतीने ७२.५ टक्के येतात. अर्जात टक्केवारी मागितलीच असेल, तर आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे आणि ते छापलेले परिपत्रक किंवा परीक्षा विभागाचे सही-शिक्क्याचे पत्र सोबत ठेवावे.

एटीकेटी लागलेले विषय यादीतून गाळू नयेत. ट्रान्स्क्रिप्टवर पहिला प्रयत्न दिसत असेल आणि आपल्या हिशेबात तो नसेल, तर दोन आकडे जुळत नाहीत आणि शंका घेतली जाते. तसेच ३.८७ चे ३.९ करू नये. जितके दशांश अर्जात मागितले असतील तितकेच लिहावेत.

अधिकृत अहवाल मागितला असेल, तर तो विषयवार हवा की केवळ पदवीची समकक्षता सांगणारा, हे आधी पाहावे, कारण जीपीए विषयवार अहवालातच असतो. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेच्या संकेतस्थळावरील मोफत गणकयंत्राचा आकडा अंदाजापुरताच धरावा, अहवाल म्हणून जोडू नये. ट्रान्स्क्रिप्ट बहुधा विद्यापीठाकडूनच थेट त्या संस्थेकडे जावे लागते आणि परीक्षा विभागात त्याला आठवडे लागू शकतात, त्यामुळे अर्जाची मुदत डिसेंबरात असेल तर विनंती पावसाळ्यातच करून पावती जपून ठेवावी.