जगातलं सगळं सोनं विरुद्ध बाँड आणि शेअर: हिशेब घरी कसा करावा

गेल्या वर्षी माझी मावशी सराफ कट्ट्यावरून आली ती ठरवूनच. बँकेतली चार लाखांची एफडी मोडायची आणि सोनं घ्यायचं. दुकानात कुणीतरी तिला सांगितलं होतं, "जगात सोनं आहेच किती? बाँडमधला एक टक्का पैसा जरी इकडे वळला तरी भाव दुप्पट." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं तपासायला आम्ही जेवणानंतर वही घेऊन बसलो.

आधी तारीख ठरवा. सोन्याचा भाव आजचा आणि बाँडचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा घेतला तर गुणोत्तर फुगतं. फिरत्या मेसेजमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. आम्ही सगळे आकडे २०२४ अखेरचे घेतले.

मग सोन्याची किंमत काढा. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अंदाजानुसार तेव्हा जमिनीबाहेर आलेलं सोनं सुमारे २,१६,००० टन होतं. सगळं वितळवून एक ठोकळा केला तर त्याची प्रत्येक बाजू जेमतेम २२ मीटर भरेल. जागतिक भाव ट्रॉय औंसात असतो आणि हा औंस ३१.१ ग्रॅमचा. साधा २८.३५ ग्रॅमचा औंस धरला तर उत्तर दहा टक्के चुकतं. एका टनात ३२,१५१ ट्रॉय औंस बसतात. भाव औंसाला साधारण २,६१० डॉलर होता, म्हणजे टनाला ८.४ कोटी डॉलर. गुणाकार केला की १८ लाख कोटी डॉलर येतात. (इंग्रजी बातम्यांतला ट्रिलियन म्हणजे आपले लाख कोटी, एवढं लक्षात ठेवलं की शून्यं मोजावी लागत नाहीत.)

आता शेजारी बाकीचे बाजार मांडा. त्याच वेळी जगातल्या शेअर बाजारांचं मूल्य साधारण १२७ लाख कोटी डॉलर होतं, आणि बाँडचं १४५ लाख कोटी. म्हणजे सोनं बाँडच्या आठव्या हिश्श्याएवढं. तिन्हींची बेरीज २९०, त्यात सोन्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास.

यातलं विकायला किती आहे ते पाहा. माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. कंपनीच्या बाजारमूल्यात प्रवर्तकांचे शेअरही मोजलेले असतात, पण ते रोज बाजारात येत नाहीत. सोन्याचंही तसंच. सुमारे ४५ टक्के सोनं दागिन्यांत आहे, मावशीच्या पाटल्यांसकट. १७ टक्क्यांच्या आसपास केंद्रीय बँकांकडे आहे. बिस्किटं, नाणी आणि ईटीएफमध्ये २२ टक्के, म्हणजे साधारण ४ लाख कोटी डॉलरचं. खाणींतून वर्षाला ३,६०० टनांच्या आसपास नवं सोनं येतं, एकूण साठ्याच्या पावणेदोन टक्के.

आता तो एक टक्का. बाँडचा एक टक्का म्हणजे १.४५ लाख कोटी डॉलर. त्या भावाने त्यात १७,००० टनांहून जास्त सोनं येईल. खाणी आणि मोड मिळून वर्षाला जेमतेम ५,००० टन येतं, म्हणजे साडेतीन वर्षांचा सगळा पुरवठा. इतकं सोनं त्या भावाला मिळणार नाही, भाव चढेलच. बाँडवाल्यांच्या छोट्या हालचालीनेही सोनं का उसळतं, ते इथे कळतं.

पण "दुप्पट" कुठून आलं? १.४५ ला १८ ने भागलं तर आठ टक्के येतात, ४ ने भागलं तर छत्तीस. दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत, कारण पैसा बाजारात साचत नाही. एकाने घेतलं की दुसऱ्याने विकलेलं असतं. शेवटच्या व्यवहाराच्या भावाने सगळ्या २,१६,००० टनांची किंमत मोजली जाते, एवढंच. भाव किती चढेल हे विकणारा कोणत्या भावाला तयार होतो यावर ठरतं, आणि ते या गुणोत्तरात दिसत नाही. भाव चढला की लोक जुने दागिने मोडीत काढायला आणतात. कट्ट्यावर नव्या खरेदीपेक्षा मोडीची गिऱ्हाइकं जास्त दिसू लागली, तर तो वाढलेला पुरवठाच असतो.

शेवटी स्वतःच्या घराचं गुणोत्तर काढा. मावशीकडे पंधरा तोळे, तोळा दहा ग्रॅमचा धरून. २२ कॅरेटला तेव्हा तोळ्यामागे साधारण सत्तर हजार, म्हणजे साडेदहा लाख. यात घडणावळ धरायची नाही, ती मोडताना परत मिळत नाही. त्याशिवाय एफडी चार लाख आणि म्युच्युअल फंड एक लाख. साडेपंधरापैकी साडेदहा लाख, म्हणजे ६८ टक्के सोनं.

जगाचा सहा टक्के हा काही गाठायचा आकडा नाही. त्यात बँकेतल्या ठेवी आणि घरं-जमिनी धरलेल्याच नाहीत. तरी ६ आणि ६८ शेजारी लिहिल्यावर मावशी बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "म्हणजे बाँडवाले यायच्या आधीच मी जाऊन बसलेय," ती म्हणाली. एफडीची पावती तिने पुन्हा कपाटात ठेवली. दवाखान्याचा खर्च आला तर पाटल्या मोडायच्या नाहीत, हे तिचं कारण होतं.