शेअरची रील आली? पैसे टाकण्याआधी डिस्क्लोजर असं तपासा

रात्री साडेदहाला ऐरोलीहून वहिनीचा मेसेज आला. सोबत 42 सेकंदांची रील आणि खाली एवढंच लिहिलेलं: "भावजी, घेऊ का? पन्नास हजार टाकायचे म्हणते." रीलमधला मुलगा चुणचुणीत होता. एका छोट्या कंपनीचा 62 रुपयांचा शेअर तीन महिन्यांत 140 होणार, कारण कंपनीला परदेशातून मोठी ऑर्डर मिळाली आहे, असं तो ठणकावून सांगत होता. शेवटी बारीक अक्षरांत ‘फक्त शिक्षणासाठी’.

मी ठाण्यातून फोन लावला. "वहिनी, उद्याचा दिवस काही घेऊ नका. आधी रीलची लिंक जपून ठेवा आणि स्क्रीनशॉट काढा." डिस्क्लोजर म्हणजे सांगणाऱ्याने स्वतःचा स्वार्थ उघड करणं. ते कसं तपासायचं, हे सगळं आम्ही फोनवर बोलत बोलत केलं. अर्धा तास लागला असेल.

पहिली पायरी: पैसे कोणी दिले, हे लिहिलंय का?

जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या ‘आस्की’ या संस्थेचा नियम असा की पैसे, भेटवस्तू किंवा कमिशन घेऊन केलेल्या पोस्टवर तशी खूण ठळक दिसली पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत किंवा ‘आणखी वाचा’च्या मागे दडवलेली खूण चालत नाही. पंधरा सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत ती एकतृतीयांश वेळ दिसायला हवी. म्हणजे वहिनीच्या रीलवर, ती जाहिरात असेल तर, 14 सेकंद. आम्हाला एकही सेकंद दिसली नाही.

इन्स्टाग्रामवर नावाखाली `Paid partnership` आणि यूट्यूबवर सुरुवातीला `Includes paid promotion` दिसतं का, ते बघा. मात्र ही पट्टी व्हिडिओ टाकणाऱ्याने स्वतः खूण केली तरच येते. ती असेल तर पैसे किंवा दुसरा काही मोबदला घेतला हे नक्की. ती नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. म्हणून वर्णनही पूर्ण उघडून वाचा. वहिनीच्या रीलखाली डिमॅट खातं उघडायची लिंक होती आणि तिच्या शेपटीला `ref=` असं लिहिलेलं होतं. अशी लिंक बहुधा कमिशनची असते: खातं तुम्ही उघडायचं, पैसे त्याला मिळायचे. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते लपवणं नियमात बसत नाही.

दुसरी पायरी: नोंदणी क्रमांक आहे का, आणि तो कोणाचा?

शेअर घ्या किंवा विका असं सांगायचं तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी लागते. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक `INH` ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा `INA` ने. `ARN` हा म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा असतो. त्याच्या जोरावर शेअरची टीप देता येत नाही. ऑगस्ट 2023 पासून आस्कीनेही गुंतवणुकीबद्दल सांगणाऱ्या इन्फ्लुएन्सरला सेबीची नोंदणी आणि तिचा क्रमांक ठळकपणे दाखवणं बंधनकारक केलं आहे.

वहिनीच्या रीलवाल्याच्या प्रोफाइलवर `INH` क्रमांक होता. वहिनी खूश झाली. "आहे की हो नोंदणी!" पण क्रमांक दिसला म्हणजे काम झालं असं नाही. sebi.gov.in वर `Intermediaries` या भागात रिसर्च अ‍ॅनालिस्टची यादी आहे. तिथे क्रमांक टाकून शोधलं, तर तो दुसऱ्या राज्यातल्या एका फर्मचा निघाला. या मुलाचं नाव कुठेच नव्हतं. तो त्यांचा नोकर असेल, किंवा क्रमांक उचललेला असेल. खात्री करायला सेबीच्या यादीत दिलेल्या ईमेलवरच विचारा. प्रोफाइलवर दिलेला नंबर वापरलात तर ज्याच्यावर शंका आहे त्यालाच विचारल्यासारखं होईल.

तिसरी पायरी: त्याचे स्वतःचे शेअर

नोंदणीकृत अ‍ॅनालिस्टला शिफारस करताना सांगावं लागतं की त्या कंपनीत त्याचे किंवा नातेवाइकांचे हितसंबंध आहेत का, आणि गेल्या बारा महिन्यांत कंपनीकडून मोबदला घेतलाय का. शिफारशीचा अहवाल येण्याच्या आधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस त्या शेअरमध्ये त्याला व्यवहारही करता येत नाही. त्यामुळे "मी स्वतः कालच घेतलाय, तुम्हीही घ्या" हे वाक्य ऐकून विश्वास वाढतो खरा, पण नोंदणीकृत माणसाच्या तोंडी ते आलं तर तो नियम मोडल्याची कबुलीच देतोय.

आणि ते ‘फक्त शिक्षणासाठी’? सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकानुसार केवळ शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा वापर करून शेअरबद्दल बोलायचं नाही. आजचा 62 रुपये भाव आणि उद्याचं लक्ष्य सांगितलं की ते शिक्षण राहत नाही, खाली काहीही लिहिलेलं असो.

चौथी पायरी: बातमी शेअर बाजाराला सांगितली आहे का?

मला सगळ्यात जास्त भरवसा या पायरीचा वाटतो, कारण इथे रीलवाल्याच्या शब्दावर काहीच अवलंबून नसतं. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने महत्त्वाची ऑर्डर मिळाल्यावर ती शेअर बाजाराला कळवावी लागते. bseindia.com वर कंपनीच्या पानावर `Announcements` उघडा. आमच्या कंपनीच्या यादीत संचालकांच्या बैठकीची सूचना आणि तिमाही निकाल होते. परदेशी ऑर्डरचा पत्ता नव्हता.

खोट्या बातमीचं गाजलेलं उदाहरण साधना ब्रॉडकास्टचं. जुलै 2022 मध्ये दोन यूट्यूब चॅनेलांवर व्हिडिओ आले की ही कंपनी अदानी समूहाकडून विकत घेतली जाणार, शिवाय एका अमेरिकी कंपनीशी 1100 कोटींचा करार झालाय. प्रेक्षक खेचायला या व्हिडिओंची पैसे मोजून जाहिरातही झाली. भाव चढला, आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी ते नवख्यांच्या गळ्यात मारले. सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला, अंतिम आदेश मे 2025 मध्ये. तोवर शेअर विकणारे विकून मोकळे झाले होते.

म्हणून त्याच पानावरचं `Shareholding Pattern` बघा. ते दर तिमाहीला येतं. वहिनीच्या कंपनीत प्रवर्तकांचा हिस्सा दोन तिमाहींत 48 टक्क्यांवरून 31 वर आला होता, आणि छोट्या भागधारकांची संख्या चार हजारांवरून एकोणीस हजारांवर गेली होती. म्हणजे मालक हिस्सा कमी करत होते आणि रील बघणारी माणसं आत येत होती. वहिनी काही वेळ गप्प. मग म्हणाली, "मग मी एकोणीस हजार एकावी का?"

एक मर्यादाही सांगायला हवी. क्रमांक खरा, डिस्क्लोजर पूर्ण, तरी शेअर पडू शकतो. या तपासणीतून सांगणाऱ्याचा स्वार्थ कळतो, शेअरची किंमत योग्य आहे का ते नाही. आणि हिस्सा घटण्यामागे नवे शेअर काढणं असं साधं कारणही असू शकतं. तेही घोषणांच्या यादीतच सापडतं.

तक्रार करायची तर

लपवलेल्या जाहिरातीची तक्रार आस्कीच्या वेबसाइटवर करता येते. नोंदणीकृत माणसाविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर जाते. पैसे फसवून गेलेच असतील तर ताबडतोब 1930 ला फोन करा. आम्ही त्या फर्मला केलेल्या ईमेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ही व्यक्ती आमच्याशी संबंधित नाही. तोपर्यंत रील गायब झाली होती. तक्रारीला वहिनीने पहिल्या रात्री काढलेले स्क्रीनशॉट जोडले.